डिस्कॉर्डचे खाते हटवताना: आधी आवाज, मग जोडण्या, शेवटी नाव

डिस्कॉर्ड ही खेळाडूंच्या गप्पांसाठी 2015 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली सेवा आहे. खेळ चालू असताना एकमेकांशी बोलता यावे हा तिचा मूळ उद्देश होता. पुढे तिथे लेखी गप्पा, छायाचित्रे, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज आणि प्लेस्टेशन वा एक्सबॉक्ससारख्या कन्सोलच्या खात्यांशी जोडणीही आली. त्यामुळे एका खात्याच्या मागे आज तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: वापरकर्त्याचे नाव आणि प्रोफाइल, त्याने इतरांना पाठवलेला मजकूर व आवाज, आणि दुसऱ्या कंपन्यांच्या खात्यांकडे जाणारे दुवे. ‘Delete Account’ हे बटण यांपैकी पहिलीच गोष्ट पुरती काढते. उरलेल्या दोन वापरकर्त्याला स्वतः आवराव्या लागतात आणि त्या बटण दाबण्याआधीच आवराव्या लागतात.

बटण नेमके काय करते

संगणकावर ‘User Settings’ मधील ‘My Account’ या पानाच्या तळाशी ‘Disable Account’ आणि ‘Delete Account’ असे दोन पर्याय असतात. पहिल्याने खाते फक्त झोपवले जाते. प्रोफाइल, मित्रयादी, सर्व्हरचे सदस्यत्व सारे जागच्या जागी राहते. दुसऱ्याने खाते हटवण्याच्या रांगेत जाते. हटवताना पासवर्ड विचारला जातो, आणि दुहेरी पडताळणी चालू असेल तर फोनवरच्या ॲपमधील सहा आकडी कोडही द्यावा लागतो. तो फोन हरवला असेल तर दुहेरी पडताळणी चालू करताना जपून ठेवायला दिलेले ‘backup codes’ कामी येतात. तेही नसतील तर गाडी तिथेच अडते. म्हणून जुना फोन विकण्याच्या किंवा त्यातली माहिती पुसण्याच्या आधी हे काम उरकलेले बरे.

बटण दाबल्यानंतर साधारण 14 दिवसांची मुदत सुरू होते. या काळात त्याच नावाने लॉगिन केले की खाते परत घ्यायचे का, असे विचारले जाते. परत घेतले तर हटवणे रद्द होते. खरेच हटवायचे असेल तर ‘गेले का बघू’ म्हणून मध्येच लॉगिन करून पाहू नये.

मुदत संपली की ईमेल, फोन क्रमांक, प्रोफाइलचे चित्र यांच्याशी असलेला खात्याचा संबंध तुटतो आणि जिथे जिथे ते नाव दिसत होते तिथे ‘Deleted User’ अशी पाटी येते. पण त्या पाटीखालचे संदेश तसेच राहतात. एखाद्या सर्व्हरवर चार वर्षे लिहिलेले सारे, मित्राला खासगीत पाठवलेले फोटो, व्हॉइस मेसेज, यांतले काहीही खात्याबरोबर आपोआप पुसले जात नाही. त्यामागचा विचार असा की संभाषण दोन्ही बाजूंचे असते आणि एकाने खाते बंद केले म्हणून दुसऱ्याच्या पडद्यावरची अर्धी गप्पा गायब होऊ नये. लेखी मजकुरापुरता हा विचार पटण्यासारखा आहे. आवाजाच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो, कारण नाव काढले तरी आवाज ओळखू येतो. शिवाय संदेशात स्वतःचे खरे नाव, शाळा किंवा गाव लिहिले असेल, तर ‘Deleted User’ या पाटीने काही झाकले जात नाही.

खाते गेल्यावर हे संदेश काढण्याचा अधिकारही जातो. स्वतःचा संदेश हटवायला लॉगिन लागते आणि लॉगिन करायला खाते उरलेले नसते. म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

आवाज कुठे कुठे साठतो

डिस्कॉर्डवर बोललेला प्रत्येक शब्द कुठेतरी साठवला जातो, अशी समजूत अनेकांची असते. ती बरोबर नाही. व्हॉइस चॅनलमधले किंवा कॉलवरचे चालू बोलणे सेवा साठवून ठेवत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये डिस्कॉर्डने कॉलच्या आवाजासाठी आणि व्हिडिओसाठी ‘डेव्ह’ नावाची कूटबद्ध पद्धत जाहीर केली. तिच्यात बोलणाऱ्यांच्या उपकरणांखेरीज कोणालाही, खुद्द कंपनीलाही, ते बोलणे ऐकता येत नाही. त्यामुळे कॉलवर झालेल्या बोलण्याबद्दल खाते हटवताना सेवेकडे मागण्यासारखे काही नसते. आवाज उरतो तो पुढील चार ठिकाणी.

पहिले ठिकाण व्हॉइस मेसेज. ही सोय 2023 मध्ये मोबाइलवर आली. माइकचे चिन्ह दाबून बोलले की आवाजाची एक फाइल तयार होते आणि ती साध्या संदेशासारखी गप्पांत बसते. कॉल आणि व्हॉइस मेसेज यांतला मूळ फरक हाच की कॉल वाहून जातो आणि मेसेज फाइल होऊन सर्व्हरवर राहतो. तो काढायचा तर तो संदेशच हटवावा लागतो. संदेश गेला की त्याच्यासोबतची फाइलही जाते.

दुसरे ठिकाण साउंडबोर्ड. सर्व्हरवरचे सदस्य व्हॉइस चॅनलमध्ये बटण दाबून छोटे आवाज वाजवतात. त्यात कोणाची आरोळी, कोणाचे हसू, कोणाचा गाजलेला संवाद असतो. असा आवाज फार तर 5.2 सेकंदांचा असू शकतो. तो सर्व्हरच्या मालकीचा असतो, त्या सदस्याच्या खात्याचा नव्हे. त्यामुळे ज्याचा आवाज आहे त्याचे खाते गेले तरी मित्रमंडळी ते बटण दाबत राहू शकतात. तो ‘Server Settings’ मधील ‘Soundboard’ या पानावरून काढावा लागतो. स्वतःला तशी परवानगी नसेल तर सर्व्हर चालवणाऱ्याला सांगावे लागते.

तिसरे ठिकाण क्लिप्स. संगणकावर खेळताना नुकत्याच घडलेल्या काही क्षणांचा व्हिडिओ, सोबतच्या बोलण्यासह, जतन करण्याची ही सोय आहे. अशी क्लिप ज्याने घेतली त्याच्या संगणकावर साठते आणि त्याने ती कुठे पाठवली तरच पुढे जाते. म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावरच्या क्लिपमधला आपला आवाज डिस्कॉर्डलाही काढता येत नाही. मात्र आपला आवाज इतरांच्या क्लिपमध्ये यावा की नाही, हे ठरवणारी एक खूण ‘Voice & Video’ च्या क्लिप्सविषयीच्या सेटिंगमध्ये असते. ती काढली की त्यापुढच्या क्लिपमध्ये आवाज येत नाही. आधीच्या क्लिपसाठी मित्राला विनंती करणे एवढाच मार्ग उरतो.

चौथे ठिकाण रेकॉर्डिंग करणारे बॉट. पॉडकास्ट किंवा स्पर्धांचे समालोचन करणारे गट असे बॉट व्हॉइस चॅनलमध्ये बोलावतात. ते बाहेरच्या लोकांनी चालवलेले असतात आणि त्यांचे रेकॉर्डिंग त्यांच्याच साठ्यात राहते. डिस्कॉर्डचे खाते हटवल्याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. कोणत्या सर्व्हरवर असा बॉट होता हे आठवून, तो चालवणाऱ्यांना वेगळे लिहावे लागते.

कन्सोलच्या स्वतःच्या गप्पांचा प्रकार याहून निराळा आहे. प्लेस्टेशन 5 वर पार्टी चॅटमधल्या शेवटच्या पाच मिनिटांचे बोलणे कन्सोलमध्ये फिरत्या पद्धतीने राहते आणि कोणी तक्रार केली तरच त्यातला तुकडा सोनीकडे जातो. एक्सबॉक्सवर जुलै 2023 मध्ये आलेल्या सोयीने खेळाडूला खेळातल्या बोलण्याचे 60 सेकंद तक्रारीसाठी पकडता येतात. अशी तक्रार झालेली असेल तर तो तुकडा त्या कन्सोल कंपनीच्या चौकशीचा भाग ठरतो. त्याचा डिस्कॉर्डच्या खात्याशी संबंध नसतो.

जोडलेली कन्सोल खाती

डिस्कॉर्डच्या ‘Connections’ या पानावर एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, स्टीम अशी खाती जोडता येतात. प्लेस्टेशनची जोडणी 2022 च्या सुरुवातीला आली आणि मार्च 2023 पासून प्लेस्टेशन 5 वरून थेट डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅनलमध्ये बोलता येऊ लागले. जोडताना पासवर्डची देवाणघेवाण होत नाही. कन्सोल कंपनी डिस्कॉर्डला एक परवाना देते: या खेळाडूचे नाव पाहा, तो सध्या काय खेळतो ते पाहा. परवान्याची नोंद दोन्हीकडे असते, त्यामुळे तो दोन्हीकडून रद्द करावा लागतो.

डिस्कॉर्डच्या बाजूने ‘Connections’ मध्ये खात्याच्या नावासमोरची फुली दाबली की जोडणी सुटते. प्लेस्टेशन 5 वर ‘Settings’, मग ‘Users and Accounts’, मग ‘Linked Services’ असे जाऊन डिस्कॉर्ड सोडवावे लागते. एक्सबॉक्सवर ‘Settings’ मधील ‘Account’ खाली ‘Linked social accounts’ असते. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या गोपनीयतेच्या पानावर कोणकोणत्या ॲपना परवानगी दिली आहे त्याची यादी मिळते. तिथे डिस्कॉर्ड अजून दिसत असेल तर तेही काढावे.

हे काम खाते हटवण्याच्या आधी करण्याचे कारण सोपे आहे. खाते गेल्यावर ‘Connections’ चे पान उघडता येत नाही, आणि मग कन्सोलच्या यादीत एक अनाथ परवाना उरला तर तो तिथूनच शोधावा लागतो. खाते चालू असताना दोन्ही टोके हाताशी असतात.

याच्या उलट गैरसमजही असतो. डिस्कॉर्डचे खाते हटवले म्हणजे प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सचे खाते हटत नाही. विकत घेतलेले खेळ, ट्रॉफी, कन्सोलवरची मित्रयादी यांना धक्का लागत नाही. तीही खाती बंद करायची असतील तर तो स्वतंत्र आणि बराच जड निर्णय ठरतो. सोनीकडे त्यासाठी मदत विभागाशी संपर्क करावा लागतो, आणि खाते गेले की घेतलेले खेळ व वॉलेटमधले पैसे जातात. मायक्रोसॉफ्टचे खाते बंद करताना 30 किंवा 60 दिवसांची मुदत निवडता येते, पण त्याच खात्यावर आउटलुकचा मेल आणि वनड्राइव्हमधल्या फायली असल्या तर त्याही जातात. खेळापुरते दूर व्हायचे असेल तर इतक्या पुढे जाण्याची गरज सहसा नसते.

एक उदाहरण

नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. शाळेत असताना त्याने खाते उघडले, पाच-सहा सर्व्हरवर लिहिले, त्यांतला एक त्याने स्वतः सुरू केलेला आहे. त्याच्या आरोळीचा आवाज एका सर्व्हरच्या साउंडबोर्डवर आहे. तीन मित्रांशी खासगीत व्हॉइस मेसेज झाले आहेत. प्लेस्टेशनचे खाते जोडलेले आहे आणि ‘Nitro’ ची मासिक वर्गणी फोनच्या ॲप स्टोअरमधून चालू आहे.

त्याचे पहिले काम ‘Data & Privacy’ या पानावरून स्वतःच्या माहितीची प्रत मागवणे. ही प्रत यायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. ती खात्याच्या ईमेलवर दुव्याच्या रूपात येते, म्हणून तो ईमेल अजून उघडतो की नाही हे आधी पाहावे. या प्रतीला महत्त्व आहे ते आठवणींचा संग्रह म्हणून नव्हे. कुठे काय लिहिले याची एकमेव पूर्ण यादी तीच आहे. तिच्यातल्या संदेशांच्या फोल्डरमध्ये प्रत्येक चॅनलसाठी वेगळा फोल्डर असतो, त्यात त्याने स्वतः पाठवलेल्या संदेशांची messages.json ही फाइल असते. व्हॉइस मेसेज शोधायचे तर त्या फायलींमध्ये पुढील नाव शोधावे:

```
voice-message.ogg
```

ज्या नोंदीत हे नाव येईल तिचा चॅनल क्रमांक आणि संदेश क्रमांक घेऊन ब्राउझरमध्ये असा दुवा तयार करता येतो:

```
https://discord.com/channels/@me/चॅनल-क्रमांक/संदेश-क्रमांक
```

हा खासगी गप्पांसाठीचा दुवा आहे. सर्व्हरवरच्या संदेशासाठी `@me` च्या जागी सर्व्हरचा क्रमांक येतो. दुवा उघडला की पडदा थेट त्या संदेशावर जाऊन थांबतो आणि तो तिथेच हटवता येतो. हजारो संदेश मागे सरकवत बसण्यापेक्षा हे फार सोपे पडते. यादी नको असेल तर सर्व्हरच्या शोधपट्टीत `from:` पुढे स्वतःचे नाव आणि `has: sound` असे लिहिले की आवाजाच्या फायली असलेले संदेश समोर येतात.

सगळे जुने संदेश एका झटक्यात पुसणारे बटण डिस्कॉर्डमध्ये नाही. साध्या खात्याच्या नावाने आपोआप संदेश हटवणाऱ्या स्क्रिप्ट लोक वापरतात, पण खाते असे यंत्राच्या हाती देणे सेवेच्या नियमांत बसत नाही आणि खाते निलंबित होऊ शकते. निलंबित खात्यातून मग उरलेले संदेशही काढता येत नाहीत. सर्व्हरचे मॉडरेटर बॉटच्या मदतीने संदेश एकगठ्ठा काढू शकतात, पण तो एकगठ्ठा मार्ग 14 दिवसांपेक्षा जुन्या संदेशांना लागू होत नाही. म्हणून या विद्यार्थ्याने सारे काही पुसण्याचा हट्ट धरू नये. व्हॉइस मेसेज, चेहऱ्याचे फोटो, फोन क्रमांक, पत्ता किंवा शाळेचे नाव असलेले संदेश आधी काढावेत. ‘आज खेळणार का?’ अशा ओळी राहिल्या तरी बिघडत नाही.

या टप्प्यावर सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे आवराआवर म्हणून आधीच सर्व्हर सोडून देणे. सर्व्हर सोडला की तिथले आपले संदेश दिसेनासे होतात, पण ते तिथून जात नाहीत आणि हटवताही येत नाहीत. आत असेपर्यंत काम करावे. आधीच सोडला असेल तर पुन्हा आमंत्रण मागावे किंवा मॉडरेटरला नेमक्या संदेशांचे दुवे देऊन ते काढायची विनंती करावी.

संदेश झाले की साउंडबोर्डवरची आरोळी काढायची. मग स्वतःच्या सर्व्हरचा निकाल लावायचा. ज्याच्या नावावर सर्व्हर आहे त्याला खाते हटवू दिले जात नाही. आधी मालकी दुसऱ्या सदस्याला द्यावी लागते किंवा सर्व्हरच बंद करावा लागतो. सर्व्हर बंद केला तर त्यातले सगळ्यांचे संदेश जातात, म्हणून इतर सदस्यांना आधी सांगणे बरे. पुढे प्लेस्टेशनची जोडणी दोन्हीकडून सोडवायची. ‘Nitro’ ची वर्गणी जिथून घेतली तिथूनच, म्हणजे ॲप स्टोअरमधून, रद्द करायची. ॲप किंवा खाते काढल्याने स्टोअरमधली वर्गणी आपोआप थांबत नाही आणि पैसे कापले जात राहतात. हे सारे झाल्यावर शेवटी ‘Delete Account’.

माहितीच्या प्रतीची वाट, संदेशांची सफाई आणि अखेरचे 14 दिवस धरले तर पूर्ण कामाला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. त्यातला प्रत्यक्ष हातचा वेळ काही तासांचा असतो, उरलेली वाट पाहणे.

झाले की नाही कसे ओळखावे

मुदत उलटल्यावर पडताळणी दुसऱ्याच्या पडद्यावरून करावी. एखाद्या मित्राच्या खात्यात जुन्या गप्पा उघडल्या की नावाच्या जागी ‘Deleted User’ दिसले पाहिजे आणि काढलेल्या व्हॉइस मेसेजची जागा रिकामी असली पाहिजे. जुने नावच दिसत असेल तर खाते अजून रांगेत आहे, फक्त झोपवलेले आहे, किंवा कोणीतरी मध्ये लॉगिन केल्याने परत उठले आहे. प्लेस्टेशनच्या ‘Linked Services’ मध्ये डिस्कॉर्ड जोडलेले दिसू नये. पुढच्या महिन्याच्या बँक संदेशात वर्गणीची कपात नसावी.

आवाजाच्या फाइलचा दुवा पूर्वी कोणी बाहेर, दुसऱ्या ठिकाणी चिकटवला असेल तर काय, हाही प्रश्न येतो. फायलींचे असे बाहेरचे दुवे आधी अनिश्चित काळ चालत. 2023 च्या अखेरीस डिस्कॉर्डने ते ठराविक मुदतीनंतर निकामी होण्याची व्यवस्था केली. कोणी फाइल उतरवून घेतली असेल तर मात्र ती त्याच्याकडेच राहते, आणि तिथपर्यंत कोणत्याही सेवेचा हात पोहोचत नाही.

न वापरलेल्या खात्यांचे काय

कित्येक जण खाते हटवत नाहीत, नुसते सोडून देतात. या प्रश्नावर फ्रान्सची माहितीसंरक्षण संस्था सीएनआयएल हिने नोव्हेंबर 2022 मध्ये डिस्कॉर्डला 8 लाख युरोंचा दंड केला. तीन वर्षांहून अधिक काळ न वापरलेली फ्रान्समधील 24 लाखांहून अधिक खाती सेवेकडे तशीच पडून असल्याचे तपासात आढळले होते. त्याच निकालात आवाजाविषयीही एक मुद्दा होता. विंडोजवर व्हॉइस चॅनलमध्ये असताना खिडकीची फुली दाबली तरी ॲप मागे चालूच राहत होते, आणि बाहेर पडल्याच्या समजुतीत असलेल्या माणसाचे बोलणे इतरांना ऐकू जात होते. चौकशीदरम्यान कंपनीने दोन वर्षे न वापरलेली खाती हटवण्याचे धोरण आणले आणि फुली दाबल्यावर ॲप चालूच असल्याची सूचना दाखवायला सुरुवात केली.

भारतात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. कायद्याच्या मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायदा कोणताही असो, तो कंपनीजवळच्या माहितीला लागू होतो. मित्राच्या संगणकावरची क्लिप त्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि निष्क्रिय खाते आपोआप गेले तरी त्याखालचे व्हॉइस मेसेज त्याच्याबरोबर जातीलच असे नाही. ते काढायचे असतील तर खात्याचे लॉगिन हाती असतानाच काढावे लागतात.